हायड्रोजनच्या रेषा ओळखताना: ऊर्जापातळीच्या गणितापासून स्पेक्ट्रोमीटरच्या वाचनापर्यंत

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये हायड्रोजनचा वर्णपट मोजताना बहुतेक विद्यार्थी एक उलटा क्रम धरतात. आधी कोन घ्यायचा, त्यावरून तरंगलांबी काढायची आणि मग पुस्तकातल्या यादीत जी संख्या जवळ दिसेल ते नाव त्या रेषेला द्यायचं. अशाने पाऱ्याची रेषाही हायड्रोजनची म्हणून जर्नलमध्ये जाते आणि रिडबर्ग स्थिरांक दोन-तीन टक्के चुकला तरी कारण सापडत नाही. हा लेख नेमक्या त्या क्रमाबद्दल आहे: आधी अपेक्षित कोन, मग जुळवणी, मग वाचन, आणि नाव सगळ्यात शेवटी, तेही चाचणी घेऊन.

इथे उदाहरण म्हणून आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत असतं तेच साहित्य घेतलं आहे: इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग, एका मिनिटाच्या लीस्ट काउंटचा स्पेक्ट्रोमीटर आणि हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब.

## १. दिसणार काय, ते आधी ठरवा

हायड्रोजनच्या अणूत n क्रमांकाच्या पातळीची ऊर्जा −१३.६/n² इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की दोन्हींतल्या फरकाइतक्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. मालिकेचं नाव शेवटच्या पातळीवरून ठरतं, हे पक्कं लक्षात ठेवा. शेवट n = १ वर झाला तर लायमन, २ वर झाला तर बामर, ३ वर झाला तर पाशेन.

लायमन मालिका १२१.६ नॅनोमीटरपासून खाली ९१.२ पर्यंत जाते. ती काचेतून आणि हवेतून तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पाशेन मालिका १८७५ नॅनोमीटरला सुरू होऊन ८२० पाशी संपते, म्हणजे ती सगळी डोळ्यांच्या टप्प्याबाहेर. त्यामुळे टेबलावरच्या स्पेक्ट्रोमीटरमधून डोळ्याला दिसणारी अणूची प्रत्येक रेषा बामर मालिकेचीच असते आणि खालची पातळी नेहमी २ असते. ओळखायचा असतो फक्त वरचा n.

```
1/λ = R (1/2² − 1/n²),   n = 3, 4, 5, 6 ...
R = 1.09678 × 10⁷ m⁻¹
```

R ची ही किंमत हायड्रोजनची आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेली १.०९७३७ × १०⁷ ही किंमत अनंत वस्तुमानाचं केंद्रक धरून काढलेली असते. तुमच्या ट्यूबमधलं केंद्रक एका प्रोटॉनचं आहे, तेव्हा वरचीच किंमत वापरा.

इथे होणारी चूक: मधेच संख्या कापणं. n = ३ ची ऊर्जा −१.५ आणि n = २ ची −३.४ धरली की फरक १.९ येतो आणि तरंगलांबी ६५२.६ नॅनोमीटर. खरं उत्तर ६५६.५. जवळजवळ चार नॅनोमीटरची चूक तुम्ही स्पेक्ट्रोमीटरला हात लावण्याआधीच केलेली असते. त्यामुळे पातळ्यांच्या ऊर्जा वेगवेगळ्या काढून वजा करत बसू नका. कंसातला अपूर्णांक आधी सोडवा (n = ३ ला ५/३६, ४ ला ३/१६, ५ ला २१/१००, ६ ला २/९) आणि दशांश शेवटी काढा.

सूत्रातून येणारी तरंगलांबी निर्वातातली असते. हवेत ती साधारण १.०००२८ ने भागली जाते, म्हणून ६५६.४७ चे ६५६.२८ होतात. पुस्तकांतल्या याद्यांत दृश्य रेषांच्या किमती बहुधा हवेतल्या असतात. हा फरक आपल्या वाचनात कितपत उमटतो, ते सहाव्या टप्प्यात पाहू.

## २. अपेक्षित कोनांचा तक्ता प्रयोगाच्या आधी करा

इंचाला १५,००० रेषा म्हणजे दोन रेषांमधलं अंतर

```
d = 2.54 cm / 15000 = 1693.3 nm
```

प्रकाश ग्रेटिंगवर लंब पडत असेल तर पहिल्या क्रमासाठी `sin θ = λ / d`. त्यावरून हा तक्ता येतो:

| रेषा | वरचा n | हवेतली तरंगलांबी (नॅनोमीटर) | पहिल्या क्रमाचा कोन |
|---|---|---|---|
| अल्फा, लाल | ३ | ६५६.२८ | २२° ४८′ |
| बीटा, निळसर हिरवी | ४ | ४८६.१३ | १६° ४१′ |
| गॅमा, निळी-जांभळी | ५ | ४३४.०५ | १४° ५१′ |
| डेल्टा, फिकट जांभळी | ६ | ४१०.१७ | १४° ०१′ |

हा तक्ता जर्नलच्या डाव्या पानावर लिहून मगच ट्यूब लावा. रेषा कुठे शोधायची ते कळावं आणि अपेक्षित जागी नसलेली रेषा लगेच खटकावी, एवढंच त्याचं काम आहे. तो समोर ठेवून वाचन ‘दुरुस्त’ करायचं नाही.

तपासा: तुमच्या ग्रेटिंगवर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा. मिलिमीटरला ६०० रेषा आणि इंचाला १५,००० रेषा ही दोन वेगळी ग्रेटिंग आहेत. पहिल्याचा d १६६६.७ नॅनोमीटर येतो. एकाच्या जागी दुसरा धरला तर प्रत्येक तरंगलांबी १.६ टक्क्यांनी सरकते.

## ३. जुळवणी: याच क्रमाने

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. क्रम असा ठेवा.

१. आयपीस मागेपुढे करून क्रॉसवायर स्पष्ट करा. ही तुमच्या डोळ्याची जुळवणी आहे. जोडीदाराने वाचन घेतलं तर त्याला ती पुन्हा करावी लागेल.

२. टेलिस्कोप खिडकीतून लांबच्या वस्तूवर रोखून फोकस करा. त्यानंतर टेलिस्कोपच्या फोकसला हात लावायचा नाही.

३. आता कॉलिमेटरसमोर आणून स्लिट स्पष्ट दिसेपर्यंत कॉलिमेटरचा फोकस फिरवा. पुष्कळ जण इथे पुन्हा टेलिस्कोपच फिरवतात. स्लिट स्पष्ट दिसते, पण ग्रेटिंगवर पडणारे किरण समांतर राहत नाहीत.

४. प्रिझम टेबल स्पिरिट लेव्हलने सपाट करा.

५. ग्रेटिंग लंब बसवा. टेलिस्कोप थेट प्रतिमेवर आणून वाचन घ्या, तिथून बरोबर ९०° फिरवून घट्ट करा. ग्रेटिंग बसवून प्रिझम टेबल असं फिरवा की ग्रेटिंगच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली स्लिटची प्रतिमा क्रॉसवायरवर येईल. या वेळी प्रकाश ४५° ने पडत असतो. आता टेबल बरोबर ४५° फिरवा, म्हणजे ग्रेटिंग कॉलिमेटरला लंब होईल. हे ४५° कोणत्या बाजूने फिरवायचे ते चुकू नका: ज्या बाजूवरून परावर्तन झालं ती बाजू थेट कॉलिमेटरकडे यायला हवी. चुकीच्या बाजूने फिरवलं तर ग्रेटिंग प्रकाशाला समांतर उभं राहतं आणि काहीच दिसत नाही.

६. ट्यूब लावा. तिचा मधला बारीक भाग स्लिटच्या बरोबर समोर आणि स्लिटला समांतर हवा. स्लिट अरुंद करा.

सावधान: डिस्चार्ज ट्यूबचा पुरवठा काही हजार व्होल्टचा असतो. ट्यूब सरकवायची असेल तर आधी बटण बंद, मग हात. आणि ट्यूब तासभर सलग पेटवून ठेवू नका. ती तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. वाचन घेताना चालू, आकडे लिहिताना बंद, ही सवय चांगली.

तपासा: चालू ट्यूबचा बारीक भाग लालसर गुलाबी दिसला पाहिजे. तो पांढरट किंवा निळसर दिसत असेल तर आत दुसरा वायू आहे. ट्यूब बदलून मागा.

आणखी एक तपासणी: टेलिस्कोप डावीकडून उजवीकडे नेताना रेषा दृष्टिक्षेत्रात वर किंवा खाली सरकत असतील तर ग्रेटिंगच्या रेषा स्पेक्ट्रोमीटरच्या अक्षाला समांतर नाहीत. प्रिझम टेबलच्या स्क्रूंनी ते दुरुस्त करा.

## ४. वाचन

सुरुवात बीटापासून करा. ती पुरेशी तेजस्वी आहे, तिचा रंग दुसऱ्या कशाशी गल्लत होण्यासारखा नाही आणि तिच्या शेजारी गर्दी नसते. मग लाल, मग गॅमा. डेल्टा शेवटी, कारण ती अगदी फिकी असते. खोलीत अंधार करून डोळे काही मिनिटं अंधाराला सरावले की ती दिसू लागते. तरीही दिसली नाही तर तीन रेषांवरच काम करा. न दिसलेली रेषा तक्त्यातून उचलून लिहिणं ही फसवणूक आहे आणि पुढच्या चाचण्यांत ती उघडी पडते.

प्रत्येक रेषेसाठी डाव्या आणि उजव्या बाजूला, दोन्ही व्हर्निअरवर वाचन घ्या. क्रॉसवायर रेषेवर नेताना टॅन्जंट स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत आणा. पुढे गेलात तर मागे या आणि पुन्हा त्याच दिशेने चढा, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई वाचनात मिसळते.

बीटाची एक जोडी पाहू. पहिला व्हर्निअर: डावीकडे १९६° ४३′, उजवीकडे १६३° २१′. फरक ३३° २२′. दुसरा व्हर्निअर: डावीकडे १६° ४६′, उजवीकडे ३४३° २२′. इथे मधे शून्याची खूण ओलांडली गेली आहे. सरळ वजाबाकी केली तर ३२६° ३६′ असा हास्यास्पद फरक येतो. १६° ४६′ मध्ये ३६०° मिळवा: ३७६° ४६′ वजा ३४३° २२′ म्हणजे ३३° २४′. दोन्हींची सरासरी ३३° २३′, आणि हा दुप्पट कोन आहे. निम्मा केला की θ = १६° ४१.५′.

दुसरा व्हर्निअर ‘तसाच येतो’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. वर्तुळाचा मध्य आणि फिरण्याचा अक्ष कधीच तंतोतंत एका जागी नसतात. ती चूक दोन समोरासमोरच्या व्हर्निअरच्या सरासरीतच कटते.

तपासा: थेट प्रतिमेपासून डावा कोन आणि उजवा कोन वेगवेगळे मोजा. त्यांत चार-पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर ग्रेटिंग लंब नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या पाचव्या पायरीवर परत जा.

## ५. ओळख: गुणोत्तराची चाचणी

आता मुख्य गोष्ट. R माहीत नसला, d माहीत नसला, तरीही बामर रेषा ओळखता येतात, कारण दोन रेषांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर फक्त पूर्णांकांवर ठरतं. आणि तरंगलांबी sin θ च्या प्रमाणात असल्यामुळे तेच गुणोत्तर थेट sin θ मध्ये दिसतं:

```
α/β = 27/20   = 1.350
β/γ = 28/25   = 1.120
γ/δ = 200/189 = 1.058
```

आपल्या साधनावर प्रत्येक कोनात एक मिनिटाची चूक धरली तर ही गुणोत्तरं साधारण ०.००२ पर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतात. त्याहून जास्त हलली तर निदान एक रेषा चुकीची आहे.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. वाचनं अशी आली: लाल २२° ४७′, निळसर हिरवी १६° ४१.५′, निळी-जांभळी १४° ५५′.

पहिलं गुणोत्तर: ०.३८७२५ भागिले ०.२८७२२, म्हणजे १.३४८. मर्यादेत आहे, अल्फा आणि बीटा पक्क्या.

दुसरं गुणोत्तर: ०.२८७२२ भागिले ०.२५७४१, म्हणजे १.११६. हवं होतं १.१२०. फरक ०.००४, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. डोळ्याला रेषा अगदी गॅमासारखीच दिसते, रंग तोच, जागाही जवळपास तीच. पण ती गॅमा नाही. कोनावरून तरंगलांबी ४३५.९ येते, आणि पाऱ्याची निळी-जांभळी रेषा ४३५.८३ नॅनोमीटरवर असते. हायड्रोजनच्या गॅमापासून ती आपल्या ग्रेटिंगवर जेमतेम चार मिनिटं दूर पडते.

पारा आला कुठून? छतावरची जुनी फ्लुरोसंट ट्यूबलाइट पाऱ्याच्या वाफेवर चालते. शेजारच्या टेबलावर कुणी पाऱ्याचा दिवा लावून प्रिझमचा प्रयोग करत असेल तरी पुरे. खात्री करायची रीत सोपी आहे: पाऱ्याची हिरवी रेषा ५४६.०७ नॅनोमीटरवर, म्हणजे १८° ४९′ ला असते. टेलिस्कोप तिथे न्या. हिरवी रेषा दिसली तर संशय खरा. हायड्रोजनच्या अणूची तिथे कुठलीच रेषा नाही. त्याचप्रमाणे २०° २२′ च्या आसपास पिवळी रेषा दिसली तर ती शेजारच्या सोडियम दिव्याची.

यापेक्षाही थेट चाचणी म्हणजे हायड्रोजन ट्यूब बंद करून बघणं. जी रेषा ट्यूब बंद केल्यावरही राहते ती तुमची नाही. दिवे घालवा, स्लिटभोवती काळं कापड धरा आणि पुन्हा पाहा. आपल्या उदाहरणात असं केल्यावर १४° ५५′ ची रेषा गेली आणि तिच्या किंचित आत, १४° ५१′ ला, फिकी रेषा उरली. आता गुणोत्तर ०.२८७२२ भागिले ०.२५६२९, म्हणजे १.१२१. ही खरी गॅमा.

लाल बाजूला वेगळाच फसवा प्रकार आहे. ट्यूबमध्ये सगळा वायू अणूंच्या रूपात नसतो, हायड्रोजनचे रेणूही असतात, आणि रेणूंच्या असंख्य बारीक रेषा नारिंगी-लाल पट्ट्यात दाटीने दिसतात. त्या ट्यूब बंद केल्यावर जातात, त्यामुळे वरची चाचणी इथे चालत नाही. मोठ्या कोनाकडची, सर्वांत ठळक आणि एकटी उभी असलेली लाल रेषा धरा आणि बीटाशी तिचं गुणोत्तर १.३५० येतं का ते बघा. रेणूंच्या रेषांना बामरच्या सूत्रात बसवण्याचा प्रयत्न करू नका. ते सूत्र एका इलेक्ट्रॉनच्या अणूचं आहे.

पलीकडे ३०° च्या पुढे तुम्हाला तेच रंग पुन्हा दिसतील. तो दुसरा क्रम आहे: गॅमा ३०° ५०′ च्या आसपास, बीटा ३५° च्या जवळ. निळी रेषा लालपेक्षा मोठ्या कोनाला दिसली तर ती नवी रेषा समजू नका.

## ६. n बरोबर आहे का, ते R ला विचारा

प्रत्येक रेषेवरून R स्वतंत्रपणे काढा. सरासरी लगेच घेऊ नका. आपल्या वाचनांवरून तरंगलांबी अल्फा ६५५.७, बीटा ४८६.४, गॅमा ४३४.० नॅनोमीटर येतात, आणि त्यांवरून R अनुक्रमे १.०९८०, १.०९६६ आणि १.०९७३ (सगळे × १०⁷ प्रतिमीटर). किमती वर-खाली आहेत, पण एका दिशेने सरकत नाहीत. असंच दिसलं पाहिजे.

किमती ओळीने एका दिशेने जात असतील तर n ची गणती घसरली आहे. समजा अल्फा तुमच्या नजरेतून निसटली आणि बीटाला n = ३, गॅमाला ४, डेल्टाला ५ दिले. मग R येईल १.४८, १.२३, १.१६. अशी उतरण दिसली की सरासरी घेण्यात अर्थ नाही. लाल बाजूला जाऊन सुटलेली रेषा शोधा. किमती चढत असतील तर उलट, पहिल्या रेषेला तुम्ही एक n जास्त दिला आहे.

सगळे R एकमेकांशी नीट जुळतात, पण सगळेच सारख्या प्रमाणात चुकलेले आहेत, असं झालं तर ओळख बरोबर आणि d चुकीचा. १.११४ च्या आसपास आले तर ६०० आणि १५,००० ची अदलाबदल झाली आहे, हे बहुतेक नक्की.

आता हवेचा प्रश्न. आपण मोजलेल्या तरंगलांबी हवेतल्या आहेत. निर्वातासाठी त्यांना १.०००२८ ने गुणलं की R च्या किमती १.०९७७, १.०९६३ आणि १.०९७० होतात, सरासरी १.०९७०. या साधनावर एक मिनिटाची चूक बीटाच्या तरंगलांबीत ०.४७ नॅनोमीटर इतकी पडते, आणि हवेची दुरुस्ती फक्त ०.१४ आहे. म्हणजे ती वाचनाच्या चुकीखाली झाकली जाते. तरीही करा, कारण ती एका ठरावीक दिशेची चूक आहे आणि कितीही वाचनं घेतली तरी सरासरीत कटत नाही.

सावधान: दुरुस्ती न करता घेतलेली सरासरी इथे १.०९७३ येते, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावरचा आकडा. तो योगायोग आहे. आकडा जुळला म्हणून दुरुस्ती गाळायची नाही.

## ७. संगणकाला जोडलेला स्पेक्ट्रोमीटर असेल तर

क्रम तोच, फक्त दोन जागी जास्त लक्ष लागतं. अल्फा इतकी तीव्र असते की डेल्टा दिसेल इतका वेळ सेन्सर उघडा ठेवला तर अल्फाचा माथा सपाट कापला जातो. सपाट माथ्याचा मध्य विश्वासाचा नसतो. म्हणून दोन मोजमापं घ्या: अल्फासाठी कमी वेळाचं, गॅमा-डेल्टासाठी जास्त वेळाचं. ट्यूब बंद ठेवून तेवढ्याच वेळाचं एकेक मोजमाप घ्या आणि ते वजा करा. खोलीतला पाराही त्यातच जातो.

दुसरं, पडद्यावरचा नॅनोमीटरचा आकडा तपासल्याशिवाय मानू नका. पाऱ्याचा दिवा मुद्दाम लावा आणि ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७ या रेषा कुठे दिसतात ते टिपा. तिन्ही सारख्याच सरकल्या असतील तर तेवढा फरक सगळ्या वाचनांतून वजा करा. सरक वेगवेगळी असेल तर उपकरणाचं कॅलिब्रेशन नव्याने करा. लाल बाजूला पाऱ्याची ठळक रेषा नाही, तेव्हा अल्फाजवळच्या तपासणीसाठी निऑनचा दिवा मिळाला तर जरूर वापरा.

जर्नलमध्ये प्रत्येक रेषेसमोर दोन्ही व्हर्निअरची मूळ वाचनं, θ, गुणोत्तर आणि त्या एका रेषेवरून आलेला R लिहा. ट्यूब बंद करून रेषा गेली की राहिली, यासाठीही एक रकाना ठेवा.